बुटाचा रोजचा हप्ता

नमस्कार श्रोतेहो. मी सांगलीत एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करतो. मारुती चौकातून निघायचं, कापड पेठ, गणपती पेठ, हरभट रोड असं दुकान दुकान करत संध्याकाळी परत यायचं. महिन्याचे 25 दिवस हेच. रोजच्या रुपया-रुपयाची नोंद करायची सवय असल्यामुळे बूट कधी घेतले आणि कधी टाकले, हेही मी डायरीत लिहून ठेवतो. आज त्या पानांबद्दल बोलायचं आहे.

बरीच वर्षं मी 480 रुपयांचे बूट वापरले. एक जोड चार महिने टिकायचा, म्हणजे वापराचे 100 दिवस. मध्ये दोनदा सोल चिकटवायला 30-30 रुपये जायचे. एकूण 540, म्हणजे दिवसाला 5 रुपये 40 पैसे. हा बुटाचा खरा हप्ता. डबीवरची किंमत 100 दिवसांत विसरून जाते, हप्ता मात्र चालूच राहतो.

मग मी 2400 रुपयांचे, सोल शिवलेले चामडी बूट घेतले. 400 दिवसांनी सोल झिजला. तोवर पॉलिश आणि टाचेला 200 रुपये गेले होते. 2600 भागिले 400, म्हणजे दिवसाला साडेसहा रुपये. श्रोतेहो, इथे नीट लक्ष द्या. त्या दिवशी मी तो जोड टाकला असता, तर महागडा बूट स्वस्तापेक्षा महाग पडला असता. "महाग ते टिकतं" एवढ्यावर हिशोब जमत नाही.

मी तो दुरुस्तीवाल्या काकांकडे नेला. त्यांनी जुना तळ सोडवला, आरीनं भोकं पाडून मेणाच्या दोऱ्यानं नवा शिवला. 500 रुपये घेतले. पुढच्या 400 दिवसांत पॉलिशला आणखी 100 गेले. सगळे मिळून 3200 रुपये आणि 800 दिवस: दिवसाला 4 रुपये. तेवढ्याच दिवसांत स्वस्तातले आठ जोड लागले असते, म्हणजे 4320 रुपये. फरक पडला तो नव्या तळामुळे.

मी काकांना विचारलं होतं, "माझ्या जुन्या बुटांना असा तळ का नाही घालून दिलात?" त्यांनी एक फाटका बूट उलटा करून दाखवला. सोल आतून पोकळ, नुसत्या पातळ भिंती. "अहो, ह्यात टाका धरत नाही. ओढला की फाटतो. आणि वरचं रेक्झिन सोललं, की सोलूशन तरी कशाला चिकटणार?"

तेव्हापासून दुकानात मी आधी बूट उलटा करतो. सोलच्या कडेला टाके दिसले तरी नख फिरवून बघतो. पुष्कळ बुटांवर टाक्यांची नुसती नक्षी ओतलेली असते, दोरा नसतोच. मग जिभेची कापलेली कड बघतो. खाली विणलेलं कापड आणि वर पातळ थर दिसला तर ते रेक्झिन. चामड्याची मागची बाजू लवदार लागते.

दाम मोजूनही फसायला होतं. माझ्या भावानं लग्नात 1800 रुपयांचे बूट घेतले, नऊ वेळा घातले आणि चांगल्या कामाला म्हणून डब्यात जपून ठेवले. पाच वर्षांनी काढले तर सोलचा भुगा. तो फोमसारखा हलका पीयूचा सोल होता. हवेतल्या दमटपणानं तो न वापरताही विरतो. एका वेळेला 200 रुपये पडले. वर्षातून दोनदाच घालायचे असतील तर साधेच घ्यावेत. वाढत्या पायाच्या पोरांचंही तेच. सोल झिजायच्या आधी पाय मोठा होतो.

पावसाळ्यात मी चामडी जोड बाहेर काढत नाही. रबरी सँडल घालतो. चुकून भिजलेच तर आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवतो. चुलीजवळ किंवा उन्हात चामडं तडकतं.

आता 2400 रुपये एकदम आणायचे कुठून, हा प्रश्न खरा आहे. ज्याच्या हातात आज पाचशेच आहेत, त्याला हा हिशोब ऐकवून उपयोग नाही. माझी तीच अवस्था होती. मी एक शेवटचा स्वस्त जोड घेतला आणि तो चालला ते 100 दिवस रोज 24 रुपये वेगळ्या डबीत टाकले. जोड फाटला तेव्हा 2400 जमले होते.

सध्या पायात दुसरा शिवलेला जोड आहे. आजचा 212 वा दिवस. डावी टाच बाहेरच्या अंगानं झिजून वरच्या थराला भिडायला आली आहे. झीज त्या थरात शिरली की काकांना नुसती टाच बदलता येत नाही, आतलं कामही निघतं. म्हणून उद्या पिग्मीला निघायच्या आधी बूट त्यांच्याकडे टाकणार आणि एक दिवस सँडल घालून फिरणार. नमस्कार.