लिफ्टचं दार उघडण्याआधी

[दृश्य: नोटीस बोर्ड. टाचणीने लावलेला छापील कागद.]

"उद्यापासून पाळीव कुत्र्यांना लिफ्टमधून नेण्यास सक्त मनाई आहे. नियम मोडल्यास 500 रुपये दंड." खाली सोसायटीचा शिक्का आणि सेक्रेटरींची सही.

[दृश्य: जिना. म्हातारा लॅब्राडोर एकेक पायरी चढतोय.]

इमारत सात मजल्यांची, लिफ्ट एकच. हा कुत्रा राहतो सहाव्या मजल्यावर. वय 12 वर्षं, मागच्या पायांचे सांधे दुखरे. एका मजल्याला 18 पायऱ्या, म्हणजे घरापर्यंत 108. प्रत्येक वळणावर तो बसतो. मालकीणबाईही त्याच्या शेजारी बसतात.

[दृश्य: चौथा मजला. एक मुलगी जिन्याच्या कठड्याला धरून उभी.]

नोटीस निघाली ती या मुलीमुळे. लिफ्टचं दार उघडलं आणि आतून दुसऱ्याच एका घरच्या कुत्र्याने तिच्या खांद्यावर पाय टाकले. चावला नाही. तिची आई म्हणते, "चावत नाही हो तो, असं मला सगळे सांगतात. पण ते तिला कसं कळणार?"

हे वाक्य आम्हाला पटलं. पण नोटीस काही पटली नाही. त्या दिवशी जो चुकला तो कुत्रा सांभाळणारा माणूस, आणि मनाई झाली इमारतीतल्या सगळ्या कुत्र्यांना.

[दृश्य: टेबलावर परिपत्रकाची प्रत. ओळींवरून फिरणारं बोट.]

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं हे परिपत्रक 2015 च्या फेब्रुवारीतलं आहे. पाळीव प्राण्यांना लिफ्ट नाकारता येत नाही, त्यासाठी जादा पैसे किंवा दंड लावता येत नाही, कुत्र्याच्या तोंडाला जाळी बांधाच अशी सक्ती करता येत नाही, असं त्यात म्हटलंय. सभेत बहुमत असलं तरी पाळण्यावर बंदी घालता येत नाही. त्यात दुसरी बाजूही आहे. सार्वजनिक जागेत कुत्रा पट्ट्याला बांधलेला असावा असा सल्ला आहे, आणि निष्काळजी मालकाविरुद्ध कायदा वापरता येतो हेही सांगितलंय. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 मध्ये त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. सोसायटीने लावलेले ते 500 रुपये मात्र यात कुठेच बसत नाहीत.

[दृश्य: जवळून. लिफ्टचं बंद होणारं दार, फटीत पातळ पट्टा.]

हे नीट बघा. कुत्रा आत गेला, माणूस अजून बाहेर, हातात गुंडाळीचा लांब पट्टा. दाराच्या सेन्सरला माणूस कळतो, ही दोरी कळेलच असं नाही. लिफ्ट सुटली तर गळपट्टा आवळतो. म्हणून पट्टा आखूड हवा, चार फुटांच्या आतला, आणि माणूस व कुत्रा एकाच वेळी आत जायला हवेत.

[दृश्य: मालकीणबाई कुत्र्याला मागच्या कोपऱ्यात बसवतात, स्वतः दाराकडे तोंड करून उभ्या राहतात.]

आत गेल्यावर कुत्रा मागच्या कोपऱ्यात, माणूस त्याच्या आणि दाराच्या मध्ये. दार उघडलं की बाहेरच्याला आधी माणूस दिसतो. त्या मुलीच्या वेळी हेच उलटं झालं होतं.

[दृश्य: सोसायटीचं ऑफिस. चार खुर्च्या, एक वही, खाडाखोड.]

नवा मसुदा लिहायला तीन बैठका लागल्या. पहिल्या बैठकीत आवाज चढले, त्याचं चित्रण आमच्याकडे नाही. दुसऱ्या बैठकीत मुलीच्या आईने विचारलं, "लिफ्ट आली आणि आत कुत्रा असला, तर मी काय करू?" सगळं लिहिणं त्या प्रश्नावरून पुढे सरकलं. वहीत उतरलं ते असं: आत आधीच कोणी असेल तर कुत्रेवाल्याने "येऊ का?" विचारायचं, आणि नकार आला की थांबायचं. कारण विचारायचं नाही. आत कुत्रा असेल आणि बाहेरचा माणूस मागे सरला, तर कुत्रेवाल्याने दार लावून पुढे जायचं आणि उतरताच लिफ्ट परत त्या मजल्यावर पाठवायची. शाळेच्या बसच्या वेळी, सकाळी सात ते साडेसात, धडधाकट कुत्री जिन्याने न्यावीत. ही विनंती आहे, नियम नाही. म्हाताऱ्या आणि आजारी कुत्र्यांना त्यातून वगळलंय.

लिफ्टमध्ये कुत्र्याने लघवी केली, तर मालकाने लगेच पुसायचं. साफसफाईला अमोनियाचा द्रव नको, हे तिथल्या एका कुत्रेवाल्याने सुचवलं. तो वास कुत्र्याला लघवीसारखाच लागतो आणि तो पुन्हा तिथेच करतो.

[दृश्य: नोटीस बोर्ड. जुना कागद निघतो, नवा लागतो.]

दंडाची ओळ गेली. तक्रारी कमी झाल्यात, पण थांबलेल्या नाहीत. दोन घरं अजून नाराज आहेत, आणि बसच्या वेळी लिफ्टसमोर रांग लागतेच.

[दृश्य: चौथा मजला. दार उघडतं. कोपऱ्यात लॅब्राडोर, पुढे मालकीणबाई. मुलगी बाहेर.]

"तू जा बाळा आधी. आम्ही उतरतो."

[मुलगी मान हलवते. एक पाऊल मागे सरते. दार बंद होतं. ती तिथेच उभी, वरच्या आकड्यांकडे बघत. लिफ्ट परत येते, रिकामी.]