नकाराचे उत्तर लिहिताना

आज मी एकाच पत्राविषयी बोलणार आहे. मी कायदेविषयक मजकुराची अनुवादक आहे. करारनामे, मृत्युपत्रे, वाटणीपत्रे, प्रतिज्ञापत्रे आणि न्यायालयीन निकाल यांचे इंग्रजीतून मराठीत अनुवाद करणे हे माझे रोजचे काम. काही काळापूर्वी एका जुन्या ग्राहकाचा ईमेल आला. सोबत चौदा पानांचे एक संमतीपत्र होते, मजकूर सुमारे पाच हजार शब्दांचा, मुदत आठ दिवसांची. एका नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णांना सही करण्यापूर्वी वाचायला द्यायचे ते पत्र होते. ते मी घेतले नाही, आणि त्या नकाराचे उत्तर लिहायला मला जवळजवळ दीड तास लागला. तो वेळ कशात गेला, ते सांगते.

ग्राहकाने ते काम माझ्याकडे पाठवले यात त्यांची चूक नव्हती. संमतीपत्रावर सह्या असतात, साक्षीदार असतो, ‘स्वेच्छेने’, ‘माघार घेण्याचा अधिकार’, ‘नुकसानभरपाई’ असे शब्द असतात. वरवर पाहिले तर तो करारच वाटतो, आणि त्यांचे करार मी अनेक वर्षे करत आले आहे. पहिली दोन पाने वाचताना मलाही तसेच वाटले. अशा वेळी फक्त सुरुवात वाचून होकार देऊ नये, म्हणून मधली आणि शेवटची पाने वाचायची सवय मी स्वतःला लावून घेतली आहे. सातव्या पानावर, औषधाच्या संभाव्य दुष्परिणामांच्या भागात, मी अडखळले.

तिथे एकाच परिच्छेदात ‘सिव्हिअर’ आणि ‘सीरियस’ हे दोन्ही शब्द होते. माझ्या लेखणीतून दोन्हींसाठी सहज ‘गंभीर’ आले असते. करारात तेवढ्याने फारसे बिघडले नसते. औषधचाचणीच्या भाषेत मात्र हे दोन वेगळे मोजमाप आहेत. पहिला शब्द त्रासाची तीव्रता सांगतो. दुसरा त्या त्रासाचा परिणाम काय झाला ते सांगतो, म्हणजे मृत्यू ओढवला का, जिवाला धोका निर्माण झाला का, रुग्णालयात दाखल करावे लागले का, कायमचे अपंगत्व आले का. असह्य डोकेदुखी तीव्र असते, पण या अर्थाने ती गंभीर असेलच असे नाही. उलट हृदयविकाराचा झटका सौम्य असला तरी ती घटना गंभीरच ठरते, आणि ती चाचणी करवणाऱ्या कंपनीला तातडीने कळवावी लागते. मग ‘सिव्हिअर’ला ‘तीव्र’ म्हणावे, असे ठरवून मी पुढे गेले, तर दोन ओळींनंतर ‘अक्यूट’ आले. त्यालाही मराठीत सर्रास ‘तीव्र’च म्हणतात, आणि त्याचा अर्थ तिसराच, म्हणजे अचानक उद्भवलेला आणि थोडा काळ टिकणारा.

ही अडचण शब्दकोश काढून सुटली असती का? त्या तीन शब्दांपुरती सुटली असती. पण माझ्या लक्षात आलेले हे तीन शब्द होते. जे लक्षातच आले नसते, त्यांची भीती अधिक. अशा पत्रांचा अनुवाद झाल्यावर पुष्कळदा दुसऱ्या अनुवादकाकडून त्याचा पुन्हा इंग्रजीत उलट अनुवाद करून घेतात आणि तो मूळ मजकुराशी ताडून पाहतात. दोन्ही जागी ‘गंभीर’ असते, तर तिथे ते उघडे पडले असते. तरीही त्या चाळणीच्या भरवशावर काम घेणे मला मान्य नाही. आंतरराष्ट्रीय अनुवादक महासंघाने 1963 साली दुब्रॉव्हनिक येथे अनुवादकांची सनद स्वीकारली आणि 1994 साली ओस्लो येथे तिच्यात सुधारणा केली. आपल्या आवाक्याबाहेरच्या विषयातील अनुवाद अनुवादकाने हाती घेऊ नये, असे तीत स्पष्ट म्हटले आहे.

निर्णय झाला, पण पत्र लिहायचे होते. माझा पहिला मसुदा असा होता: ‘सध्या कामाचा बराच ताण असल्याने या वेळी जमणार नाही, क्षमस्व.’ हे वाक्य आपण सगळेच लिहितो. ते मी खोडले, कारण ते खरे नव्हते आणि त्यामुळे ग्राहकाचे दुहेरी नुकसान झाले असते. मुदत वाढवून मिळाली तर मी काम करेन, असे समजून ते थांबले असते. आणि पुढच्या महिन्यात तशाच स्वरूपाचे दुसरे पत्र पुन्हा माझ्याकडेच आले असते. दुसऱ्या मसुद्यात मी उलट टोकाला गेले आणि सनदेतले कलम, माझी तत्त्वे, सातव्या पानावरचे शब्द असे सगळे लिहिले. त्यातून त्यांना काहीच हाती लागले नसते. काम पाठवणाऱ्याला तीनच गोष्टी कळायला हव्या असतात: तुम्ही करणार की नाही, का नाही, आणि आता कोणाला विचारायचे.

तिसरी गोष्ट लिहिण्यापूर्वी मी उठले आणि एका सहकारी अनुवादिकेला फोन केला. पूर्वी एकदा मी हा फोन न करताच एका परिचिताचे नाव कळवले होते. तो तेव्हा प्रवासात होता, दोन दिवस ईमेल पाहू शकला नाही, आणि ग्राहकाची तेवढी मुदत माझ्या शिफारशीने खाल्ली. या वेळी मी तिला विषय सांगितला, शब्दसंख्या आणि मुदत सांगितली, आणि तिचा संपर्क द्यायला तिची हरकत नाही ना, ते विचारले. ग्राहकाचे नाव सांगितले नाही, औषधाचे नाव सांगितले नाही, आणि फाइल तर पाठवलीच नाही. तो मजकूर माझ्याकडे विश्वासाने आलेला होता. तो पुढे कोणाकडे जावा हे ठरवण्याचा अधिकार पाठवणाऱ्याचा. मानधनाविषयीही मी मुद्दाम काही बोलले नाही, ते त्या दोघांनी ठरवायचे. शिफारशीबद्दल मी मोबदला घेत नाही. तो घेतला तर नाव गुणावरून सुचवले की टक्केवारीवरून, असा प्रश्न ग्राहकाच्या मनात येणारच.

मग जे पत्र पाठवले, ते सहकारिणीचे नाव गाळून वाचून दाखवते.

‘महोदय, नमस्कार. संमतीपत्राच्या अनुवादासाठी आपण माझा विचार केला, याबद्दल आभारी आहे. मात्र हे काम मी स्वीकारू शकत नाही. पत्राचा काही भाग कायदेविषयक असला तरी त्याचा गाभा वैद्यकीय आहे, आणि वैद्यकीय मजकूर हे माझे क्षेत्र नाही. दुष्परिणामांच्या भागात जवळच्या अर्थाच्या संज्ञांमधील फरक अचूक उतरणे रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे आणि त्याची खात्री मी देऊ शकत नाही. हे कारण मुदतीशी संबंधित नाही. या कामासाठी मी माझ्या एका सहकारी अनुवादिकेचे नाव सुचवते. त्या अनेक वर्षे औषधचाचण्यांची संमतीपत्रे आणि रुग्णांसाठीची माहितीपत्रके मराठीत आणत आहेत. त्यांच्या तीन अनुवादांचे भाषिक तपासणीचे काम मी केले असल्याने त्यांचे लेखन मी जवळून पाहिले आहे. आज सकाळी मी त्यांच्याशी बोलले. आठ दिवसांची मुदत त्यांना शक्य आहे. आपले नाव किंवा आपला मजकूर मी त्यांना कळवलेला नाही. त्यांचा ईमेल पत्ता खाली देत आहे. आपण थेट संपर्क साधावा. आपण पाठवलेली फाइल मी माझ्या संगणकावरून काढून टाकली आहे. करारनाम्यांची कामे नेहमीप्रमाणे माझ्याकडे अवश्य पाठवावीत. आपली नम्र,’ आणि खाली माझे नाव.

नकार तिसऱ्या वाक्यात आला आहे, हे आपल्या लक्षात आले असेल. आभाराचे एक वाक्य पुरे. नकार चार वाक्ये लांबवला की वाचणारा होकाराच्या आशेने वाचत जातो. ‘मुदतीशी संबंधित नाही’ हे छोटे वाक्य मी सर्वांत शेवटी घातले, आणि माझ्या मते सर्वाधिक काम त्यानेच केले, कारण त्यामुळे ‘दोन दिवस वाढवून देतो’ हा ईमेल आलाच नाही.

‘त्यांचे लेखन मी जवळून पाहिले आहे’ हे मी कशाच्या बळावर लिहिले, तेही सांगायला हवे. ‘त्या फार चांगल्या आहेत’ या वाक्याने ग्राहकाला काही कळत नाही. या सहकारिणीच्या मसुद्यांतली एक जागा मला अजून आठवते. कोणत्या रुग्णाला खरे औषध आणि कोणाला औषधी घटक नसलेली गोळी द्यायची, हे अशा चाचण्यांत कोणाच्या पसंतीने ठरत नाही. त्यासाठी पारिभाषिक कोशात ‘यादृच्छिक’ हा शब्द आहे आणि मी असते तर तोच लिहून मोकळी झाले असते. तिने लिहिले होते: ‘तुम्हाला कोणती गोळी मिळेल हे नाणेफेकीप्रमाणे केवळ योगायोगाने ठरेल, ते तुम्ही किंवा तुमचे डॉक्टर निवडू शकणार नाहीत.’ सही करणारा माणूस बहुधा आजारी असतो, घाबरलेला असतो, आणि त्याने ‘यादृच्छिक’ हा शब्द आयुष्यात ऐकलेला नसतो. त्याच्यासाठी लिहिणे ही वेगळी विद्या आहे आणि ती तिच्यापाशी आहे. शंका आली की ती अडलेल्या जागांची यादी करून ग्राहकाला विचारते, हेही मी तिन्ही वेळा पाहिले होते. ज्याच्या शंकांची यादी मी पाहिलेली नाही, त्याचे नाव मी सुचवत नाही.

ग्राहकाचे उत्तर तासाभरात आले. त्यांनी विचारले की वैद्यकीय पाने तिने करावीत आणि शेवटची तीन कायदेविषयक पाने मी करावीत, असे चालेल का. मोह पडण्यासारखाच प्रस्ताव होता, कारण ती तीन पाने मला खरोखर येत होती. पण त्या पानांवरच्या नुकसानभरपाईच्या अटी सातव्या पानावरच्या संज्ञांनाच बांधलेल्या होत्या. एकाच घटनेला दोन हातांनी दोन नावे दिली असती तर रुग्णाला ती दोन वेगळी आश्वासने वाटली असती. मी लिहिले की सर्व पाने एकाच अनुवादिकेकडे द्यावीत, आणि तिला कायदेविषयक शंका आल्यास तिने मला जरूर विचारावे.

तिचा फोन चौथ्या दिवशी आला, फाइल ग्राहकाच्या परवानगीने समोर उघडी होती. एका परिच्छेदात ‘कॉम्पेन्सेशन’ आणि ‘इन्डेम्निटी’ हे दोन शब्द शेजारी होते आणि तिने दोन्हींसाठी ‘नुकसानभरपाई’ लिहिले होते. मी सांगितले की पहिल्यात इजा झालेल्या रुग्णाला पैसे मिळतात; दुसऱ्यात चाचणी करवणारी कंपनी रुग्णालयाला हमी देते की त्याच्यावर कोणी दावा केल्यास त्याचा भार ती उचलेल, आणि त्यातून रुग्णाच्या हाती काही येत नाही. तिने दुसऱ्या जागी ‘क्षतिपूर्तीची हमी’ लिहिले, ती हमी कोण कोणाला देते हे त्याच वाक्यात उलगडून सांगितले, आणि मग मला विचारले की ‘सिव्हिअर’वर मी नेमकी कुठे अडखळले होते.