‘एक्सेप्ट’ आणि ‘लीस्ट लाइकली’: पर्याय वगळण्याची उलटी रीत

मित्रहो, नीट पीजीची तयारी करताना तुम्ही पर्याय वगळायला शिकता, म्हणजे चुकीचे तीन बाजूला काढून बरोबर असलेला एक निवडता. प्रश्नाच्या शेवटी ‘एक्सेप्ट’ आले की ही रीत उलटी होते. आता तीन विधाने खरी आहेत आणि तुम्हाला खोटे हवे आहे. म्हणून एखादा पर्याय वगळायचा तर तो खरा असल्याचा आधार तुमच्याजवळ असला पाहिजे. हे ध्यानात न घेता वाचणारा विद्यार्थी पहिलेच खरे विधान पाहून खूण करतो आणि पुढचे पर्याय वाचतही नाही. माझा आग्रह आहे की अशा प्रश्नात ‘बरोबर’ आणि ‘चूक’ हे शब्द मनातून काढून टाकावेत, प्रत्येक पर्याय स्वतंत्र विधान म्हणून वाचावा आणि त्याच्यापुढे फक्त ‘खरे’, ‘खोटे’ किंवा ‘शंका’ असे लिहावे. उत्तर त्यानंतरच ठरवावे.

एक प्रश्न घेऊ. स्ट्रेप्टोकोकसच्या संसर्गानंतर होणाऱ्या मूत्रपिंडदाहाबद्दल, म्हणजे पीएसजीएनबद्दल, पुढील सर्व विधाने खरी आहेत, एक्सेप्ट: (अ) तीव्र अवस्थेत रक्तातील सी३ कमी होते, (ब) सी३ बहुधा सहा ते आठ आठवड्यांत पूर्ववत होते, (क) त्वचेच्या संसर्गानंतर निदानासाठी एएसओ टायटर सर्वांत भरवशाचे असते, (ड) इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली उपकलेखाली ‘हंप’ दिसतात.

‘अ’ आणि ‘ड’ ही विधाने बहुतेकांना पाठ असतात, त्यामुळे ती लगेच ‘खरी’ ठरतात. खरी परीक्षा ‘ब’ आणि ‘क’ यांत आहे. ज्याला ‘ब’मधला कालावधी आठवत नाही तो शंकेपोटी तिथेच खूण करतो, कारण एएसओ हे नाव त्याच्या ओळखीचे असते आणि ओळखीचे ते खरे वाटते. प्रश्न रचणाऱ्याला नेमके हेच ठाऊक असते. घशाच्या संसर्गानंतर एएसओ वाढते, हे खरे. त्वचेच्या संसर्गानंतर मात्र ते पुरेसे वाढत नाही, आणि तिथे अँटी-डीएनएज बी अधिक उपयोगी पडते. म्हणजे ‘क’मधला रोग खरा आहे, चाचणीही खरी आहे; ‘त्वचेच्या’ या एका शब्दामुळे विधान खोटे झाले आहे. म्हणून शंकेच्या पर्यायावर खूण करण्याआधी ‘खरे’ म्हणून सोडून दिलेल्या पर्यायांतील स्थळ, काळ आणि प्रमाण सांगणारे शब्द पुन्हा वाचावेत.

ज्ञान अपुरे पडते तेव्हा तर्काच्या दोन गोष्टी कामी येतात. दोन पर्याय एकच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगत असतील, तर खोटे विधान एकच असल्यामुळे ते दोन्ही खरे असणार आणि दोन्ही वगळता येतात. याउलट, दोन पर्याय एकाच वेळी खरे असूच शकत नसतील, तर उत्तर त्या दोहोंतच आहे. मात्र विरोध खरोखरचा आहे ना, हे तपासावे. वरच्या प्रश्नात ‘सी३ कमी होते’ आणि ‘सी३ पूर्ववत होते’ ही विधाने घाईत वाचली तर परस्परविरोधी भासतात. प्रत्यक्षात ती एकाच आजाराच्या दोन वेगळ्या काळांबद्दल आहेत आणि दोन्ही खरी आहेत.

‘लीस्ट लाइकली’चा प्रश्न याहून वेगळा आहे, आणि दोन्ही प्रकार एकाच रीतीने सोडवणे मला धोक्याचे वाटते. समजा, चार वर्षांच्या मुलाचा चेहरा आठवडाभर सुजलेला आहे, रक्तदाब आणि क्रिएटिनिन सामान्य आहेत, लघवीत प्रथिने ४+ आहेत आणि रक्तातील अल्ब्युमिन १.८ आहे. काय आढळण्याची शक्यता सर्वांत कमी? पर्याय आहेत: सामान्य सी३, स्टिरॉइडने चार आठवड्यांत सुधारणा, लघवीत सूक्ष्म प्रमाणात रक्त, आणि लघवीत लाल पेशींचे कास्ट. वय आणि तपासण्या पाहता हा बहुधा मिनिमल चेंज आजार आहे, म्हणून पहिले दोन पर्याय अपेक्षितच आहेत. तिसऱ्यावर ‘नेफ्रोटिकमध्ये रक्त नसते’ असे म्हणून खूण करणारे पुष्कळ असतात. पण या आजाराच्या काही मुलांत सूक्ष्म रक्त आढळते. लाल पेशींचे कास्ट मात्र ग्लोमेरुलसच्या दाहाकडे बोट दाखवतात आणि ते आढळले तर निदानाचाच फेरविचार करावा लागतो. तिसरा पर्याय कमी संभवतो, चौथा त्याहूनही कमी, म्हणून उत्तर चौथा. इथे खरे-खोटे लिहून भागत नाही. पर्याय संभाव्यतेच्या क्रमाने लावावे लागतात, आणि तळाच्या दोघांची एकमेकांशी तुलना केल्याखेरीज खूण करू नये. परस्परविरोधी जोडीचा तर्कही इथे जपून वापरावा, कारण या प्रकारात एकाहून अधिक पर्याय असंभवनीय असू शकतात आणि उत्तर त्या जोडीच्या बाहेरही असू शकते.