तेरीज जुळली, पण हिशेब बरोबर आहे का?

(पुण्यात घरगुती व्यावसायिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आज एकच महिना घेऊ आणि तो शेवटपर्यंत नेऊ. कसबा पेठेत एक बाई भाजणी, मेतकूट आणि थालीपिठाचं पीठ विकतात असं समजा. उदाहरण काल्पनिक आहे, आकडे सोयीसाठी ठरवलेले. सगळा व्यवहार बँकेतून, गिऱ्हाईक क्यूआरवर पैसे देतं, त्यामुळे रोकड खातं उघडायची गरज नाही. जीएसटी आणि घसारा आज बाजूला ठेवतोय. दोन्ही घेतले तर मूळ धागा हरवेल.

१ एप्रिलला बाईंनी धंद्याच्या बँक खात्यात स्वतःचे ६०,००० रुपये भरले. रोजकीर्दीत नोंद अशी पडते:

बँक खाते नावे ६०,०००
भांडवल खाते जमा ६०,०००
(मालकाने धंद्यात रक्कम आणली त्याबद्दल)

कंसातली ओळ बरेच जण गाळतात. पुढच्या मार्चमध्ये सीए विचारतील, ‘हे ६०,००० कुठून आले?’, तेव्हा तीच ओळ उपयोगी पडते.

आता समीकरण. मालमत्ता म्हणजे बाहेरच्यांची देणी अधिक मालकाचं भांडवल. डावीकडे बँकेतले ६०,०००, उजवीकडे भांडवल ६०,०००. दुसऱ्या दिवशी १८,००० ची घरघंटी घेतली. बँक कमी झाली, यंत्र वाढलं. डावीकडची बेरीज ६०,००० च राहिली. ४ तारखेला मार्केट यार्डातल्या भुसार व्यापाऱ्याकडून २४,००० च्या डाळी, तांदूळ आणि धने उधारीवर आले. खरेदी खाते नावे, व्यापाऱ्याचे खाते जमा. डावीकडे ८४,०००, उजवीकडे देणी २४,००० आणि भांडवल ६०,०००. इथवर कुणाला अडचण येत नाही. पाठोपाठ जागेचं भाडं ६,३०० दिलं: बँक घटली, आणि तेवढंच मालकाचं भांडवलही घटलं, कारण खर्चाची झळ शेवटी मालकालाच.

गंमत विक्रीपासून सुरू होते. महिनाभरात ३१,००० ची विक्री थेट बँकेत आली, आणि ९,००० चा माल एका दुकानदाराला उधार दिला. विक्री खाते एकूण ४०,००० जमा. मालमत्ता ४०,००० नी वाढली, म्हणून मालकाचा वाटाही ४०,००० नी वाढला. पण थांबा, जी भाजणी विकली तिच्यातली डाळ गेली ना? ती किती गेली हे आपण रोजच्या रोज लिहीत नाही. महिनाअखेर उरलेला माल मोजून काढतो. म्हणजे १५ किंवा २० तारखेला समीकरण अगदी जुळलेलं असतं आणि तरीही मालकाचा वाटा फुगलेला असतो. त्या आकड्याकडे बघून कुणी ‘झाला नफा’ म्हणून पैसे काढू नयेत.

उरलेले तीन व्यवहार भरभर सांगतो. व्यापाऱ्याला १५,००० दिले, दुकानदाराकडून ५,००० आले, आणि २७ तारखेला बाईंनी घरखर्चासाठी ४,००० काढले.

आता खतावणी. रोजकीर्दीत तारखेचा क्रम असतो, खतावणीत खात्याचा. प्रत्येक नोंद दोन पानांवर जाते, आणि जाताना समोरच्या खात्याचं नाव लिहायचं असतं. भाडे खात्याच्या नावे बाजूला ‘बँक खाते ६,३००’, बँक खात्याच्या जमा बाजूला ‘भाडे खाते ६,३००’. रोजकीर्दीत खातेपानाचा आकडा टाका. तो रकाना रिकामा दिसला की ती नोंद खतावलीच नाही हे लगेच कळतं.

महिनाअखेर शिल्लक काढली. नावे बाजूला बँक ५२,७००, घरघंटी १८,०००, खरेदी २४,०००, भाडे ६,३००, उचल ४,०००, दुकानदार ४,०००. बेरीज १,०९,०००. जमा बाजूला भांडवल ६०,०००, व्यापारी ९,०००, विक्री ४०,०००. तीही १,०९,०००. सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची ही यादी म्हणजे तेरीज, आणि ती जुळली.

न जुळली तर फरक बघा. भाडं चुकून भाडे खात्याच्या जमा बाजूला पडलं, तर एक बेरीज १,०२,७०० आणि दुसरी १,१५,३०० येते. फरक १२,६००, म्हणजे भाड्याच्या दुप्पट. म्हणून फरकाचा निम्मा आकडा वहीत शोधायचा. ६,३०० ऐवजी ३,६०० लिहिलं गेलं, तर फरक २,७०० येतो, आणि तो ९ ने भागला जातो. शेजारचे अंक उलटे झाले की फरक नेहमीच ९ ने भागला जातो. अर्थात ९ ने जातो म्हणजे अंक उलटलेच असतील असं नाही, पण शोध तिथून सुरू करावा.

तेरीज जुळल्यावर माल मोजला: ५,००० चा उरला. म्हणजे १९,००० चा वापरला. विक्री ४०,००० मधून १९,००० आणि भाडं ६,३०० वजा जाता नफा १४,७००. भांडवल ६०,००० अधिक १४,७००, उणे उचल ४,०००, म्हणजे ७०,७००. ताळेबंदात बँक, घरघंटी, येणं आणि माल मिळून ७९,७००. समोर व्यापाऱ्याचे ९,००० आणि भांडवल ७०,७००, मिळून ७९,७००.

आता माझ्या मते आजचा खरा विषय. घरखर्चाचे ते ४,००० ‘किरकोळ खर्च’ खात्यात टाकले असते तर? तेरीज तीच, १,०९,०००. नफा १०,७०० झाला असता. भांडवल? ६०,००० अधिक १०,७००, म्हणजे पुन्हा ७०,७००! ताळेबंदातला एकही आकडा हलत नाही. चूक फक्त नफ्यात बसते, आणि बाई समजतात की धंद्यात फारसं सुटत नाही. हे पकडायचं कसं? किरकोळ खर्चाचं पान उघडून प्रत्येक रकमेसमोर बिल आहे का, आणि ते धंद्याचं आहे का, एवढंच बघायचं.

दुसरी चूक याहून खट्याळ. ४ तारखेची उधार खरेदी लिहायचीच राहिली, बिल पिशवीत तसंच. पण २० तारखेला दिलेले १५,००० लिहिले गेले. आता व्यापाऱ्याच्या खात्यात १५,००० नावे शिल्लक दिसते. तेरजेची बेरीज दोन्हीकडे बरोबर १,००,०००. इतका गोल आकडा बघून माणूस खूशच होतो. समीकरण काहीच बोलत नाही, कारण राहिलेल्या नोंदीच्या दोन्ही बाजू एकदमच राहिल्या आहेत. मात्र खातं बोलतं: ज्याच्याकडून आपण उधार माल घेतो, तोच आपलं १५,००० देणं लागतो? आगाऊ रक्कम दिली नसेल, तर हे शक्य नाही.

म्हणून तेरजेनंतर दोन कागद बाहेरून मागवा. व्यापाऱ्याकडून खातेउतारा, त्याच्या वहीत तुमच्याकडून ९,००० येणं दिसलं पाहिजे. आणि बँकेचा उतारा; त्यात ५२,७०० जमा दिसतील, तुमच्या वहीत नावे. गोंधळू नका, तो उतारा बँकेच्या वहीतला आहे, आणि बँकेच्या दृष्टीने ते तिने तुम्हाला द्यायचं देणं आहे. ३० तारखेला संध्याकाळी केलेली विक्री कदाचित १ मे रोजी बँकेत दिसेल. असा फरक कागदावर वेगळा मांडून ठेवा, वहीतली नोंद खोडू नका.

उरलेल्या मालाचे ५,००० मात्र कुणाच्याच उताऱ्यात सापडणार नाहीत. त्यासाठी ३० तारखेला रात्री डबे काढून, वजनकाट्यावर ठेवून, खरेदीच्या दराने हिशेब मांडावा लागेल. त्यात ५०० ची चूक झाली, तर नफा ५०० नी चुकतो आणि ताळेबंद तरीही जुळतो.