‘बघू की’ म्हणजे नेमकं काय?

(साताऱ्यात महाविद्यालयीन मुलामुलींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मुलगी बघायला आलेल्या मंडळींनी तिथेच बसल्या जागी ‘आम्हाला पसंत नाही’ असं सांगितल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही. कांदेपोहे होतात, चहा होतो आणि दारात चपला घालता घालता कुणीतरी वडीलधारं म्हणतं, ‘कळवतो.’ आठ दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप येतो, पत्रिका जुळत नाही. पत्रिका कुणी उघडूनही पाहिलेली नसते, हे दोन्ही घरांना माहीत असतं. तरी ते चालून जायचं. निरोप तिसऱ्याच माणसाच्या तोंडून यायचा आणि ती दोन घरं पुन्हा सहसा एकमेकांसमोर यायची नाहीत.

तुमच्या वाट्याला आलेली परिस्थिती वेगळी आहे. विचारणारा तुमच्याच वर्गात असतो, अभ्यासिकेत पुढच्या टेबलावर बसतो, ऑफिसात शेजारच्या खुर्चीवर असतो. मधे मध्यस्थ नाही आणि उद्या सकाळी पुन्हा तोंड बघायचं आहे. पण नकाराची भाषा मात्र आपण तीच जुनी वापरतो. ‘बघू की.’ ‘सांगते नंतर.’ ‘घरी विचारायला लागेल.’

माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या एका मुलीची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ती स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायची, अभ्यासिकेत. तिथल्याच एका मुलाने सप्टेंबरमध्ये तिला मेसेज केला, ‘कासला फुलं आलीत. रविवारी दोघं जाऊया काय?’ तिला त्याच्यात रस नव्हता. मुलगा सरळ होता, म्हणून तोडून बोलायला तिला जड गेलं. तिने लिहिलं, ‘रविवारी टेस्ट आहे रे.’

त्याने उत्तर दिलं, ‘मग पुढच्या रविवारी.’ ती म्हणाली, घरचे असं एकटीला पाठवत नाहीत. त्याने आपल्या मावसबहिणीला तयार केलं आणि विचारलं, ‘काकूंशी मी बोलू का?’ मग ती म्हणाली, घाटात मला गाडी लागते. तो म्हणाला, कास राहू दे, राजवाड्यापाशी चहा तरी घेऊ.

तिच्या बाजूने पाहिलं तर तिने तीनदा नाही म्हटलं होतं आणि हा मुलगा ऐकत नव्हता. त्याच्या बाजूने पाहिलं तर तिने तीन अडचणी सांगितल्या होत्या आणि त्याने कष्टाने एकेक दूर केली होती. कारण सांगितलं की ती अट होते. ‘टेस्ट आहे’ याचा अर्थ त्याने ‘टेस्ट नसती तर आले असते’ असा घेतला आणि हा अर्थ त्या वाक्यात आहेच. त्यात पुन्हा खोटं कारण सांभाळायला लागतं. त्या रविवारी ती खरंच घराबाहेर पडली नव्हती, कुणी पोवई नाक्यावर बघेल म्हणून.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगायला हवी. आडून दिलेला नकार लोकांना कळतो. सेलिया किट्झिंगर आणि हॅना फ्रिथ यांनी 1999 साली एका निबंधात हेच दाखवलं. रोजच्या बोलण्यात माणसं नुसतं ‘नाही’ क्वचितच म्हणतात. आधी थांबतात, ‘अं’ करतात, एखादं कारण पुढे करतात आणि ऐकणाऱ्याला ते नाही म्हणून समजतं. म्हणजे ‘बघू की’ ऐकून ज्याच्या पोटात खड्डा पडला, त्याला अर्थ कळलेलाच असतो. त्यामुळे ‘तिने स्पष्ट सांगितलं नाही’ ही पाठपुरावा करणाऱ्याची सबब मी मान्य करत नाही. पण ज्याला आशा सोडवत नाही, त्याला त्या ‘बघू’मध्ये लटकून राहायला जागा मिळते. रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली एकतर्फी प्रेमाच्या दोन्ही बाजूंचे अनुभव लिहून घेतले होते. त्यात नाकारणारी माणसं अपराधी भावनेने अवघडलेली दिसली. प्रेमात पडलेल्याने कसं वागायचं हे जग शिकवतं, पण नाही कसं म्हणायचं हे त्यांना कुणी दाखवलेलं नव्हतं. एकाला सांगायचं नसतं, दुसऱ्याला ऐकायचं नसतं आणि त्यात महिने जातात.

ऑक्टोबरमध्ये ती मुलगी माझ्याकडे आली तेव्हा तिने मोबाइलवर एक मोठा मेसेज लिहून ठेवला होता, पाठवला नव्हता. तो साधारण असा होता: ‘सॉरी, प्लीज राग मानू नकोस. तू खूप चांगला आहेस, तुला माझ्यापेक्षा चांगली मुलगी मिळेल. मी तुला भावासारखं मानते. सध्या मला फक्त करिअरवर लक्ष द्यायचं आहे. आपण कायम चांगले मित्र राहू. सॉरी.’

यातला प्रत्येक शब्द तिने त्याला कमी लागावं म्हणून घातला होता. आम्ही दोघी बसलो आणि एकेक काढून पाहिला.

‘सॉरी’पासून सुरुवात केली. गिली फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी 2017 साली छापलेल्या अभ्यासात असं आढळलं, की नकाराबरोबर माफी मागितली तर समोरच्याला कमी नाही, जास्तच दुखतं. माफी आली की समोरच्याला ‘असू दे, काही हरकत नाही’ असं म्हणणं भाग पडतं. म्हणजे ज्याला आत्ता ठेच लागली, त्यानेच तुमची समजूत घालायची. शिवाय आवडत नसणं हा गुन्हा नाही.

‘माझ्यापेक्षा चांगली मिळेल’ हे वाक्य नम्र दिसतं, पण त्याला हवी असलेली मुलगी समोर बसून दुसरीची हमी देते आहे. ‘सध्या’ हा शब्द तर सगळ्यात महाग. ‘सध्या करिअर’ म्हटल्यावर परीक्षेचा निकाल लागेपर्यंत तो थांबेल आणि निकालादिवशी पेढे घेऊन दारात उभा राहील. त्या मुलाचा स्वभाव पाहता तो नक्की थांबला असता.

आणि भाऊ. आपल्याकडे मुली हा शब्द ढालीसारखा धरतात, मी समजू शकते. काहींनी तर राखी बांधून प्रश्न मिटवलेला मी पाहिला आहे, तोही चार जणांसमोर. असं करू नका. ज्याने तुम्हाला विचारलं, त्याच्या भावनेला तुम्ही एका क्षणात लाजिरवाणी ठरवता आणि ते नातंही खरं नसतं. पुढच्या भाऊबीजेला तुम्ही त्याला ओवाळणार नसता.

मैत्रीचं वचन उरलं. मी तिला विचारलं, ‘तुला खरंच त्याच्याशी मैत्री हवी आहे?’ ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘अभ्यासिकेत नीट बोलावं, एवढंच.’ मग तेवढंच द्यायचं. जे देणार नाही, ते मलमपट्टी म्हणून कबूल करायचं नाही.

शेवटी तिने जे पाठवलं ते असं होतं: ‘तू मनातलं सरळ विचारलंस, म्हणून मीही सरळ सांगते. मला तुझ्याबद्दल तशी ओढ वाटत नाही आणि पुढेही वाटणार नाही. त्यामुळे मी तुझ्याबरोबर कासला किंवा चहाला येणार नाही. टेस्टचं, घरचं, गाडी लागण्याचं कारण मी पुढे केलं, ते खरं नव्हतं. ते माझं चुकलं. हे मी अभ्यासिकेत कुणाशी बोलणार नाही.’

इथे चूक कबूल केली ती खोट्या कारणांची, नकाराची नाही. आणि शेवटचं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. विचारणाऱ्याला नकाराइतकीच भीती हसू होण्याची असते. मेसेजचा स्क्रीनशॉट काढून मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकणं हा खरा क्रूरपणा आहे आणि तो नकाराच्या शब्दांत कुठेच दिसत नाही. तिने मेसेजच केला, कारण त्यानेही मेसेजवरच विचारलं होतं. समोर बसून सांगणं धीराचं असतं, पण ऐकणाऱ्याला तोंड सावरायला जागा उरत नाही.

त्याचं उत्तर आलं, ‘का? काय कमी आहे माझ्यात?’ इथे पाय घसरतो. दहातले नऊ जण इथे यादी द्यायला लागतात, नाहीतर पुन्हा एखादं नवं कारण शोधतात. तिने लिहिलं, ‘कमी काही नाही. मला तसं वाटत नाही, एवढंच आहे.’ त्याने पुढे विचारलं, ‘जातीचं आहे का?’ आपल्या भागात कारण सांगितलं नाही की ही शंका येतेच आणि ती जखम वेगळी असते. तिने लिहिलं, ‘नाही. तसं असतं तर तुला सांगितलं असतं.’ आणि संभाषण तिथे थांबवलं. त्याच्या तिसऱ्या मेसेजला तिने उत्तर दिलं नाही. तिला ते निष्ठुर वाटत होतं, पण तीच गोष्ट तिसऱ्यांदा समजावत बसलो की ती चर्चा होते.

मुलांनाही हे लागू आहे. आपण कुणाला आवडतो याचं सुख मुलांनाही सोडवत नाही. ऑफिसातल्या एका मुलीला हो नाही, नाही नाही, रात्री मात्र तासभर चॅट, असं वर्षभर करणारा तरुण माझ्याकडे आला होता. तो म्हणाला, ‘मी तिला कधीच काही कबूल केलं नाही.’ शब्दांनी केलं नव्हतं, हे खरं. त्याला मी नकाराच्या वाक्याआधी रात्रीचं चॅट बंद करायला सांगितलं.

हे सगळं मी बऱ्या माणसाला नकार देण्याबद्दल बोलते आहे. विचारणारा तुमचा वरिष्ठ असेल, दारू प्यायलेला असेल, तुम्ही त्याच्या गाडीत एकट्या असाल, तर तिथे खरेपणाची परीक्षा नाही. जे कारण सुचेल ते सांगा आणि घरी पोहोचा. नंतर सुरक्षित जागेवरून स्पष्ट लिहा आणि तो मेसेज पुसू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम 78 याच्याशी जोडलेलं आहे. 1 जुलै 2024 आधी हेच भारतीय दंड संहितेत 354-ड होतं. स्त्रीने आपल्याला रस नाही हे स्पष्ट दाखवल्यावरही एखादा पुरुष पुन्हा पुन्हा तिच्या मागे राहून संपर्क करत असेल तर तो गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरला तर तीन वर्षांपर्यंत, पुन्हा ठरला तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे. एक लक्षात घ्या, कायदा ‘स्पष्ट’ म्हणतो. ‘बघू की’वर पुढे वाद घातला जातो, त्या मुलीने लिहिलेल्या ‘तशी ओढ वाटत नाही आणि पुढेही वाटणार नाही’ या वाक्यावर घालता येत नाही. तातडीला 112 आहे, महिलांसाठी 181 आहे.

तो मुलगा अकरा दिवस अभ्यासिकेत आला नाही. तिला दर दोन दिवसांनी वाटायचं, ‘बरा आहेस ना?’ एवढं तरी विचारावं. मी थांबवलं. त्या काळजीने तिचं मन हलकं झालं असतं आणि त्याची आशा पुन्हा उभी राहिली असती. बाराव्या दिवशी तो आला आणि खिडकीकडच्या रांगेत जागा बदलून बसला. ती नेहमीसारखी मान हलवून आपल्या टेबलावर गेली.

दिवाळीनंतर एका दुपारी त्याने तिच्याकडून जुलैत नेलेल्या नोट्स तिच्या टेबलावर आणून ठेवल्या. ती म्हणाली, ‘झाल्या वाचून?’ तो म्हणाला, ‘पंचायत राजचं पान फाटलं होतं, चिकटवलंय.’