दोन अळ्या, एक सिद्धान्त

[दृश्य: जालना जिल्ह्यातलं कापसाचं रान, नोव्हेंबर. हातात न उमललेलं बोंड.]

बोंड वरून हिरवंगार, धड दिसतं. फोडलं, की आत सरकी पोखरत बसलेली गुलाबी अळी. 2017 साली मराठवाड्यात शिवारंच्या शिवारं अशी गेली. पारावर तेव्हा एकच बोलणं: “माझी थिअरी सांगतो, बियाणंच बोगस होतं!”

ही ‘थिअरी’ म्हणजे अंदाज. तो ताडून मात्र पाहता येतो. बीटी कपाशीच्या पानाबोंडांत अळीला मारणारं विष तयार होतं. बियाणं बोगस असतं, तर झाडात ते विष नसतं आणि हिरवी बोंडअळीही माजली असती. पण शेतात गुलाबी अळी मिळत होती, हिरवी क्वचितच. म्हणजे विष झाडात होतं. गुलाबी अळीला ते पचू लागलं होतं.

[दृश्य: बियाण्याची पिशवी, शेजारी छोटी पुडी.]

हे होऊ शकतं, हे विज्ञानाच्या थिअरीनं, उत्क्रांतीच्या सिद्धान्तानं, आधीच सांगितलं होतं. लाखो अळ्यांत एखादीला विष सोसण्याचा गुण जन्मतःच असतो. बाकीच्या मरतात, ती उरते. उरलेल्यांचे पतंग आपसातच जुळले, तर तो गुण आई आणि बाप दोघांकडून येतो, आणि अशा पिलांवर विष चालत नाही. पण जवळ साधी कपाशी असेल, तर तिथून विषाला बळी पडणारे भरपूर पतंग येतात. त्यांच्याशी जुळून झालेल्या पिलांत तो गुण एकाच बाजूनं येतो, आणि बीटी खाऊन ती बहुधा मरतात.

म्हणून 2002 मध्ये बीटीला परवानगी मिळाली तेव्हापासून भोवती साध्या कपाशीच्या ओळी लावण्याची अट होती. 450 ग्रॅम बीटीसोबतची 120 ग्रॅमची नॉन-बीटी पुडी त्यासाठीच असायची. कोरडवाहू दोन एकरांत अळीसाठी ओळी सोडणं जिवावर येतं, हे मी समजू शकतो. पुड्या बहुतेक बांधावरच राहिल्या. अमेरिकेत ॲरिझोनात अशी कपाशी खरंच लावली गेली, आणि तिथं ही अळी वर्षानुवर्षं बीटीला बळी पडत राहिली.

[दृश्य: तुरीच्या शेंगा, मग हरभऱ्याचे घाटे.]

मग हिरवी अळी का नाही टिकली? मला सगळ्यात जास्त पटतं ते इथंच. ही तीच, हरभऱ्यात आपण जिला घाटेअळी म्हणतो. तूर, हरभरा, टोमॅटो, तिला सगळं चालतं. आपल्या तुरीच्या ओळींत विष नाही, तिथून बळी पडणारे पतंग येत राहिले. गुलाबी अळी जवळजवळ फक्त कपाशीवर जगते. तिच्यासाठी सगळं रान बीटीच होतं. वेचणी झाल्यावरही कपाशी फरदड म्हणून उभी ठेवली, की तिला फेब्रुवारी-मार्चपर्यंत घरही मिळालं.

प्रतिकार नेमका कोणत्या वर्षी येईल, हे हा सिद्धान्त सांगत नाही. त्यासाठी रानातच पाहावं लागतं.

[दृश्य: कामगंध सापळा. पाकळ्या मिटून गुलाबकळीसारखं झालेलं फूल.]

ही डोमकळी. तोडून उघडा. आत अळी आहे.