बारा लाख, एकदम की बारा हप्त्यांत?

श्रोतेहो, नमस्कार. आज हाताशी कागद-पेन्सिल असेल तर जवळ ठेवा. आकडे थोडेच सांगणार आहे, पण ते लिहून घेतलेत तर आलेख डोळ्यांसमोर उभा राहील.

माझे दाजी कोथरूडला राहतात. पिंपरीच्या एका कारखान्यातून मागच्या वर्षी निवृत्त झाले. घरखर्चाची सोय लावून, अडीअडचणीचे पैसे बाजूला काढून त्यांच्याकडे बारा लाख रुपये उरले. पुढची दहा वर्षं तरी ते लागणार नव्हते. निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडात, म्हणजे त्या निर्देशांकातलेच शेअर घेणाऱ्या फंडात घालायचे, इथवर त्यांचं ठरलं होतं. अडलं होतं ते एवढ्यावरच, की सगळे एकदम घालायचे, की लिक्विड फंडात, म्हणजे कमी जोखमीच्या अल्पमुदतीच्या फंडात ठेवून दरमहा एक लाख असे एसटीपीने, म्हणजे एका फंडातून दुसऱ्यात आपोआप जाणाऱ्या हप्त्यांनी, सरकवायचे. मोबाइलवरचा निफ्टीचा आलेख माझ्यापुढे धरून ते म्हणाले, "हे बघ, केवढा वर गेलाय. आता एकदम घालायचे म्हणजे कड्याच्या टोकावर उभं राहायचं."

मी म्हटलं, "दाजी, हा आलेख बाजार कुठून कुठे आला ते सांगतो. तुम्ही विचारताय ते वेगळंच आहे. त्यासाठी वेगळा आलेख काढावा लागेल." मग आम्ही अप्पा बळवंत चौकातून आलेखाचे कागद आणले आणि रविवारी दुपारी बसलो.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. ज्यांच्या पगारातून दरमहा पाच हजारांची एसआयपी जाते, त्यांचा हा प्रश्नच नाही. त्यांच्याकडे एकरकमी पैसा नसतोच. पैसा जसा येतो तसा ते गुंतवतात आणि ते योग्यच आहे. प्रश्न पडतो तो सगळी रक्कम आजच हातात असलेल्या माणसाला.

आता आलेख कसा काढायचा ते सांगतो. निफ्टी निर्देशांकांच्या संकेतस्थळावर जुने आकडे मिळतात. त्यातले महिनाअखेरचे बंद भाव एका रकान्यात लिहा. मग कुठलाही एक महिना सुरुवात म्हणून धरा. त्या दिवशी बारा लाख एकदम घातले असते तर वर्षभरानंतर किती झाले असते, हा पहिला आकडा. त्या महिन्यापासून दर महिनाअखेरीला एकेक लाख असे बारा हप्ते घातले असते तर त्याच तारखेला किती झाले असते, हा दुसरा. पहिल्यातून दुसरा वजा करा. उत्तर अधिक आलं तर त्या खेपेला एकरकमी जिंकलं, उणे आलं तर हप्ते जिंकले. हा एक ठिपका झाला. सुरुवातीचा महिना एकेकाने पुढे सरकवत जा आणि प्रत्येकाचा ठिपका शून्याच्या रेषेच्या वर किंवा खाली मांडा. निर्णयासाठी बघायचा आलेख तो हाच.

दोन ठिपके तुमच्यासमोर मांडतो. पहिला डिसेंबर २००७ चा. निफ्टी महिनाअखेर ६१३८ वर होता. त्या वेळचा आलेख बघितला असता तर कुणालाही मोह पडला असता, इतकी सरळ चढण होती. एका वर्षाने, डिसेंबर २००८ अखेर, तो २९५९ वर आला. एकरकमी बारा लाखांचे ५ लाख ७८ हजार उरले असते. हप्त्यांनी गेलेल्याचे ८ लाख ३८ हजार असते. म्हणजे हप्ते दोन लाख साठ हजारांनी पुढे.

दुसरा ठिपका बरोबर एक वर्षानंतरचा, डिसेंबर २००८ चा. आता आलेख बघवत नव्हता. अशा वेळी कुणीही शहाणा माणूस "हळूहळू घालू या" असंच म्हणाला असता. डिसेंबर २००९ अखेर निफ्टी ५२०१ झाला. एकरकमी बारा लाखांचे २१ लाख ९ हजार झाले असते, हप्त्यांचे १६ लाख ४५ हजार. एकरकमी चार लाख चौसष्ट हजारांनी पुढे. त्यातली एक तारीख मला विशेष सांगायची आहे. १६ मे २००९ ला लोकसभेचे निकाल लागले. सोमवारी, १८ मे रोजी, निफ्टी सतरा टक्क्यांहून अधिक चढला आणि अपर सर्किट लागून व्यवहार थांबले. हप्तेवाल्याचे तोवर पाचच हप्ते गेले होते. त्याचे सात लाख त्या दिवशी बाहेर उभे होते.

या दोन ठिपक्यांवरून दाजींना एक गोष्ट पटली. किमतीच्या आलेखाने दोन्ही वेळा उलटाच सल्ला दिला असता. तो नेहमीच उलटा असतो असं मी म्हणत नाही, पण चढण किंवा उतार बघून पुढचे बारा महिने कळत नाहीत, हे मात्र खरं.

वर्ष चढतं गेलं म्हणजे एकरकमीच जिंकणार, असंही समजू नका. २०२० साली निफ्टी वर्षअखेरीला सुमारे पंधरा टक्के वरच होता. तरी मार्चच्या घसरणीत आणि त्यानंतरच्या महिन्यांत स्वस्तात घेतलेल्या हप्त्यांमुळे हप्तेवाला दीड लाखाहून अधिक रकमेने पुढे राहिला. वर्ष कुठे संपलं एवढ्यावर भागत नाही, वाट कशी होती तेही मोजावं लागतं.

ठिपके मांडून झाले की त्यांतले बहुतेक शून्याच्या वर का दिसतात, याचं कारण साधं आहे. बाजार पडण्यापेक्षा चढण्याची वर्षं जास्त असतात. २००८ ते २०२४ या सतरा वर्षांत निफ्टी वर्षअखेर खाली राहिला तो तीनदाच, २००८, २०११ आणि २०१५ साली. व्हॅनगार्ड या अमेरिकन फंड कंपनीने २०१२ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाच्या आकड्यांवर असाच हिशेब केला होता. बारा महिन्यांत पसरण्याच्या तुलनेत एकरकमी सुमारे दोन तृतीयांश वेळा पुढे होतं.

आता यात जिथे हमखास चूक होते ती जागा सांगतो. अनेकजण रुपयांऐवजी टक्क्यांचे खांब काढतात. २००९ च्या उदाहरणात एकरकमीचा परतावा येतो ७६ टक्के. हप्त्यांचा एक्सआयआरआर, म्हणजे प्रत्येक हप्त्याची तारीख धरून येणारा वार्षिक परतावा, काढला तर तो येतो सुमारे ७५ टक्के. दोन खांब शेजारी शेजारी, उंचीला जवळजवळ सारखे. बघणारा म्हणेल, फरकच नाही! आणि प्रत्यक्षात साडेचार लाखांचा फरक आहे. एक्सआयआरआर फक्त फंडात पोचलेल्या पैशाचा वेग मोजतो. वाट बघत बसलेल्या पैशाचा त्याला पत्ताच नसतो. म्हणून तुलना करायची ती त्याच तारखेला हातात असलेल्या एकूण रुपयांची, आणि बाहेर थांबलेल्या पैशाचं व्याजही त्यात धरायचं. वार्षिक सहा टक्के धरले तर आपल्या उदाहरणात ते तेहतीसेक हजार होतात. तेवढी सूट हप्त्यांना देऊनही निकाल बदलत नाही. तसंच, मी सांगितलेले आकडे साध्या निफ्टीचे आहेत, त्यात लाभांश नाही. नेमकं करायचं असेल तर लाभांश धरणारा टोटल रिटर्न इंडेक्स घ्या.

आणखी एक सावधगिरी. वीस वर्षांचे दोनशे चाळीस ठिपके मांडले की पुरावा भक्कम वाटतो. पण शेजारच्या दोन ठिपक्यांत अकरा महिने सामाईक असतात. २००८ ची एकच पडझड डझनभर ठिपक्यांत पुन्हा पुन्हा मोजली जाते. म्हणजे खरे सुटे अनुभव विसेकच. त्यामुळे "अडुसष्ट टक्के वेळा" असल्या बारीक आकड्यावर विसंबू नका. सगळ्यांत खालचे ठिपके किती खोल आहेत ते बघा आणि ते रुपयांत मोठ्याने वाचा.

दाजींनी वाचले. "बाराचे पावणेसहा," म्हणाले, आणि गप्प झाले. मग म्हणाले, "नको, हप्तेच बरे."

इतका वेळ ताई मटार सोलत ऐकत होती. तिने विचारलं, "अहो, पण हप्ते संपल्यावर, तेराव्या महिन्यात बाजार पडला तर?"

श्रोतेहो, हाच खरा प्रश्न होता आणि तो माझ्या नजरेतून निसटला होता. २००७ च्या जानेवारीपासून ज्याने बारा हप्ते घातले, त्याचे सगळे पैसे डिसेंबर २००७ पर्यंत आत गेले होते, तेही वाढत्या भावाने. २००८ ची घसरण त्याच्या पूर्ण रकमेवर आली. हप्ते पाडल्याने पडझडीची जोखीम टळत नाही, ती फक्त पहिल्या वर्षापुरती कमी होते.

किती कमी होते, तेही मोजता येतं. बारा हप्त्यांतला पहिला बारा महिने बाजारात राहतो, शेवटचा एकच महिना. सरासरी साडेसहा महिने. म्हणजे वर्षभर साधारण अर्धेच पैसे बाजारात असतात. मग आम्ही तिसरी रांग काढली: सहा लाख एकदम फंडात, सहा लाख कायमचे ठेवीत, व्याज न धरता. २००८ मध्ये याचे ८ लाख ८९ हजार राहिले असते. हप्त्यांचे होते ८ लाख ३८ हजार. २००९ मध्ये याचे १६ लाख ५५ हजार, हप्त्यांचे १६ लाख ४५ हजार. दोन अगदी उलट वर्षं, आणि दोन्हीकडे हप्त्यांच्या जवळपास किंवा थोडं वरच. प्रत्येक वर्षी ते इतकं जवळ येणार नाही. २०२० सारख्या वर्षात हप्ते बरेच पुढे जातात.

तेव्हा दाजींसमोर निवड अशी उरली. भीती जर एवढीच असेल की आपण नेमक्या वाईट दिवशी आत शिरू आणि आयुष्यभर हळहळत राहू, तर सहा ते बारा महिन्यांचे हप्ते पाडा. त्याची सरासरी किंमत आलेखात दिसतेच. बाजार वर्षाला साडेबारा टक्क्यांच्या आसपास चढला आणि लिक्विड फंडाने सहा टक्के दिले, तर बारा लाखांवर ती सुमारे छत्तीस हजार येते. पण भीती जर बाराचे सहा झालेले बघण्याचीच असेल, तर हप्त्यांनी ती जाणार नाही. फंडात घालायची रक्कमच कमी करावी लागेल.

दाजींनी आलेखाच्या कागदावर निळ्या पेनाने दोन आकडे लिहिले. सहा फंडात, सहा ज्येष्ठ नागरिकांच्या बचत योजनेत. सोमवारी सकाळी ते आधी पोस्टात गेले, मग फंडाचा एकरकमी गुंतवणुकीचा अर्ज भरला. एसटीपीचा अर्ज कोराच राहिला. तो कागद ताईने कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे, सगळ्यांत खालचा ठिपका लाल करून.

नमस्कार.